घुमटाचा एवढासा तुकडा आणि मुंबईची कुठली इमारत?

प्रश्न: सर, आजोबांच्या जुन्या अल्बममध्ये मुंबईचे बरेच फोटो आहेत, पण मागे कुठे नुसता घुमटाचा तुकडा दिसतो, कुठे मनोऱ्याचं टोक, बस. घरात सगळे दिसेल त्या घुमटाला व्हीटी म्हणतात. एवढ्याशा तुकड्यावरून नक्की इमारत कशी ओळखायची?

उत्तर:

जुन्या मुंबईचे फोटो आणि पोस्टकार्डं ओळखून त्यांच्या नोंदी करायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि तुमच्या घरी जे होतंय तेच जवळपास प्रत्येक घरात होतं. दक्षिण मुंबईत घुमट म्हटलं की व्हीटी, त्याच्या पलीकडे कुणी जातच नाही. खरं तर फोर्ट ते चर्चगेट आणि तिथून अपोलो बंदर एवढ्या चालत जाण्यासारख्या भागात लोकांच्या फोटोत मागे येतील असे पाच-सहा मोठे घुमट आहेत, आणि त्यातला कुठलाही दुसऱ्यासारखा नाही. फक्त बघताना नजर कुठे ठेवायची ते माहीत पाहिजे.

सगळ्यात आधी टोक बघा. घुमटाचा आकार नंतर, रंग तर अगदी शेवटी. टोकावर काय आहे, कळस आहे, नुसती दांडी आहे की माणसाची आकृती आहे, एवढं कळलं की निम्मं काम झालं. सीएसएमटीच्या, म्हणजे आपल्या जुन्या व्हीटीच्या मुख्य घुमटावर एका स्त्रीचा पुतळा उभा आहे. प्रगतीचं प्रतीक म्हणून तो बसवलेला आहे, उजव्या हातात वर धरलेली मशाल आणि डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. खालून, रस्त्यावरून घेतलेल्या फोटोत ही बाई नुसत्या काडीसारखी दिसते आणि लोक तिला कळस समजून पुढे जातात. म्हणून फोटो मोठा करून बघा. कळस असेल तर तो खालपासून वरपर्यंत दोन्ही बाजूंना सारखाच निमुळता होत जातो. पुतळा असेल तर एका बाजूला वर काहीतरी गेलेलं असतं, म्हणजे हात आणि मशाल, आणि दुसऱ्या बाजूला खाली जाडपणा असतो, म्हणजे चाक. फोटो कितीही धूसर असला तरी हा वाकडेपणा लपत नाही, आणि तो दिसला की तुमचे घरचे बरोबर, ती व्हीटीच.

याच पुतळ्याचा अजून एक मोठा उपयोग आहे जो फार कमी लोक करतात. जुनी निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली की डावं उजवीकडे जातं, आणि अल्बममध्ये असे उलटे प्रिंट बऱ्यापैकी सापडतात. व्हीटीचा दर्शनी भाग पश्चिमेला तोंड करून आहे. समोरून, डी. एन. रोडच्या बाजूने बघितलं तर मशालीचा हात तुमच्या डावीकडे दिसला पाहिजे. आणि गाड्यांच्या बाजूचा तो लांबलचक भागही डावीकडे म्हणजे उत्तरेला पसरलेला, तर घुमटाची कचेरीची इमारत उजवीकडे. समोरून घेतलेल्या फोटोत हे सगळं उलट दिसत असेल तर प्रिंट उलटा आहे, आणि मग त्या फोटोतल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे दुकानाची पाटी कुठल्या बाजूला, ट्राम कुठल्या दिशेने चालली, सगळं उलटं वाचायला लागतं.

आता समजा टोकच कापलं गेलंय, आणि बहुतेक घरगुती फोटोंत तसंच असतं, कारण फोटो काढणाऱ्याचं लक्ष माणसांवर होतं, घुमटावर नव्हतं. मग घुमटाचं अंग बघायचं. इथे एकच प्रश्न विचारा: अंगावर फासळ्या आहेत की ते गुळगुळीत गोल आहे? व्हीटीचा घुमट आठ बाजूंचा आहे, दगडी फासळ्यांचा. आठ कडांवरून आठ उठावदार फासळ्या वर जातात आणि टोकाशी एकत्र येतात. त्यामुळे ऊन एका बाजूने पडलं की अंगावर उजेड आणि सावलीचे पट्टे पडतात, एक फाक उजळ, शेजारची काळपट, मध्ये स्पष्ट कड. गोल घुमटावर असं कधीच होत नाही, तिथे उजेड हळूहळू सावलीत विरतो, कड म्हणून कुठे दिसत नाही. कृष्णधवल फोटोत तर हे रंगीत फोटोपेक्षाही जास्त चांगलं कळतं. मला कुणी घुमटाचा अगदी हाताच्या नखाएवढा तुकडा पाठवला तरी मी पहिल्यांदा सावलीची कड शोधतो.

हा फरक आला कुठून तेही सांगतो, म्हणजे लक्षात राहील. व्हीटी बांधली एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने, काम 1878 मध्ये सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं. ती युरोपातल्या गॉथिक धाटणीची इमारत आहे, टोकदार कमानी, टोकदार मनोरे, आणि घुमटसुद्धा त्याच वळणाचा, कडा-कोपऱ्यांचा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन बेग आणि जॉर्ज विटेट हे वास्तुरचनाकार आले आणि त्यांनी नजर वळवली दख्खनकडे, विजापूर-गोवळकोंड्याच्या घुमटांकडे. तिथले घुमट गोल, भरदार, अंगावर फासळी नाही. म्हणून मुंबईत ढोबळमानाने फासळीवाला घुमट एकोणिसाव्या शतकातला आणि गुळगुळीत भरदार घुमट विसाव्या शतकातला, असं धरून सुरुवात करायला हरकत नाही. अपवाद आहेत, ताज हॉटेलचा मधला मोठा घुमट 1903 चा असून गुळगुळीत नाही, पण सुरुवातीला एवढा आधार पुरतो.

आता खरी गडबड कुठे होते ते बघू. स्टीव्हन्सच्या एकट्याच्याच तीन इमारती आहेत आणि तिन्ही एकमेकींच्या नावावर खपतात. एक व्हीटी, दुसरी तिच्या समोरची महानगरपालिकेची मुख्य इमारत जी 1893 मध्ये पूर्ण झाली, आणि तिसरी चर्चगेटची पश्चिम रेल्वेची मुख्य कचेरी, म्हणजे तेव्हाची बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची, ती 1899 ची. एकाच माणसाच्या हातची असल्यामुळे तिन्हीत घरचं वळण सारखंच दिसतं.

पालिकेची इमारत दोन रस्त्यांच्या बेचक्यात आहे, त्यामुळे ती कोपऱ्याकडे निमुळती होत येते आणि बरोबर त्या कोपऱ्यावर मनोरा उभा आहे, साधारण 235 फूट उंच. ओळखायची खूण म्हणजे इथे मनोरा मोठा आणि घुमट त्याच्या मानाने लहान. घुमट बराच वर, मनोऱ्याच्या डोक्यावर बसलाय, आणि त्याच्या पायाशी मनोऱ्याच्या कोपऱ्यांवर अजून छोटे घुमट. व्हीटीत उलटं आहे, तिथे घुमट रुंद आणि इमारतीच्या अंगावर दाबून बसलेला. म्हणजे तुमच्या तुकड्यात घुमटाच्या खाली लगेच अरुंद, सरळ चढत गेलेला मनोरा दिसत असेल तर ती व्हीटी नाही. आणि हो, पालिकेच्या इमारतीवर पण एक पुतळा आहे, पंखवाली आकृती, पण ती घुमटावर नाही, खाली दर्शनी तिकोनी भिंतीच्या माथ्यावर आहे. पंख दिसले आणि मागे मनोरा आणखी वर जाताना दिसला की पालिका.

चर्चगेटच्या इमारतीवर तिसरा पुतळा आहे, तोही तिकोनी भिंतीच्या माथ्यावर, आणि त्याच्या हातात चक्क रेल्वेचं इंजिन आहे. मला स्वतःला हा पुतळा फार आवडतो, रोज हजारो माणसं त्याच्या खालून स्टेशनात जातात आणि वर बघत नाहीत. पण तुमच्या जुन्या फोटोत इंजिन दिसण्याची शक्यता कमी, ते फार लहान आहे. त्यापेक्षा भिंत बघा. चर्चगेटची भिंत निळसर काळ्या खडबडीत बेसाल्टची आणि कडा, पट्टे, कमानी पांढऱ्या दगडाच्या. कृष्णधवल फोटोत ही इमारत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दिसते, दुरूनसुद्धा. व्हीटीचा दगड मुख्यतः पिवळसर, मालाडचा, त्यामुळे तिचा रंग फोटोत एकसारखा मध्यम राखाडी येतो. घुमटाच्या खाली भिंतीचा हातभर तुकडा जरी दिसत असेल तरी एवढ्यावर या दोन वेगळ्या काढता येतात.

मग राहतात गुळगुळीत घुमटवाले, आणि त्यात मुख्य दोन: जीपीओ आणि म्युझियम. जीपीओ म्हणजे व्हीटीच्या शेजारचं मोठं टपाल कार्यालय, आराखडा बेगचा, 1904 ला काम सुरू होऊन 1913 ला पूर्ण झालं. त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला, आतून 65 फूट व्यासाचा, म्हणजे गोल घुमटाच्या साधारण निम्मा. म्युझियम म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, ते विटेटचं. पायाभरणी 1905 ची, इमारत पुरी झाली 1914 ला, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी हॉस्पिटल होतं म्हणून लोकांना म्युझियम म्हणून ती मिळाली ते 1922 मध्ये. हे साल लक्षात ठेवा, कारण कुणी फोटोमागे म्युझियम बघायला गेलो 1916 असं लिहिलं असेल तर एक तर साल चुकलंय नाहीतर जागा.

दोघांमध्ये फरक कसा करायचा? घुमटाच्या मुळाशी बघा. म्युझियमचा घुमट कमळाच्या पाकळ्यांतून वर आल्यासारखा आहे, मुळाशी दगडी पाकळ्यांची रांग स्पष्ट, ही थेट दख्खनी घडण. आणि त्या घुमटाला अगदी चिकटून चहूबाजूंनी छोट्या बारीक मनोऱ्यांचा घोळका आहे, प्रत्येकाच्या डोक्यावर चिमुकला घुमट. म्हणजे म्युझियमचा घुमट कधीच एकटा दिसत नाही, कुठूनही फोटो काढा, त्याच्या आजूबाजूला ही बारीक टोकं येतातच. जीपीओत छोटे घुमट आणि मनोरे आहेत, पण ते मोठ्या घुमटापासून लांब, इमारतीच्या टोकांकडे. त्यामुळे जीपीओचा मधला घुमट आभाळात एकटा, मोकळा दिसतो. हाच तुमचा मुख्य भेद. मोठ्या घुमटाच्या दोन्ही बाजूंना लगेच आभाळ असेल तर जीपीओ, लगेच टोकं असतील तर म्युझियम.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं लावायचं ते कळेल. एका काकूंनी मला त्यांच्या सासऱ्यांचा फोटो दिला होता. तीन माणसं रस्त्यावर उभी, कोट आणि टोप्या, एकाच्या हातात पत्र्याची ट्रंक. उजव्या खांद्याच्या वर घुमटाचा डावीकडचा अर्धा भाग, टोक कापलेलं. घरात सांगत आलेले की हे लोक नाशिकहून आले तेव्हा व्हीटीवर उतरल्या उतरल्या काढलेला फोटो आहे आणि मागे व्हीटी आहे.

पहिल्यांदा टोक, ते नाहीच. मग अंग. भिंग लावून बघितलं, सावली घुमटावर हळूहळू गडद होत गेलेली, मध्ये एकही कड नाही, फासळी नाही. म्हणजे व्हीटीचा घुमट बाद. स्टीव्हन्सच्या बाकी दोन इमारतीही बाद, कारण घुमट रुंद आणि भरदार, खाली अरुंद मनोरा नाही. उरले जीपीओ आणि म्युझियम. आता मुळाशी बघितलं. दिसत असलेल्या डाव्या बाजूला घुमटाला लागून स्वच्छ आभाळ, एकही टोक नाही. बरंच डावीकडे आणि खालच्या पातळीवर एक छोटा घुमट असलेला मनोऱ्याचा माथा, आणि दोघांच्या मध्ये भिंतीची वरची कड, गडद दगडावर फिकट पट्टे. म्युझियम असतं तर त्या मोकळ्या जागेत निदान एक तरी बारीक टोक आलंच असतं. शिवाय म्युझियमच्या आणि रस्त्याच्या मध्ये बाग आहे, आणि या फोटोत माणसांच्या मागे लगेच रस्ता आणि त्याला लागून इमारत. म्हणून जीपीओ.

आणि मग घरातली गोष्ट एकदम जागेवर बसली. ही माणसं खरंच व्हीटीवरच उतरली होती. स्टेशनातून बाहेर आल्यावर फोटो काढणारा स्टेशनकडे पाठ करून उभा राहिला, त्यामुळे मागे आली ती शेजारची जीपीओ. घरात आठवण बरोबर राहिली, घुमटाचं नाव तेवढं घसरलं. असं खूप वेळा होतं, म्हणून घरातल्या सांगण्याला मी कधी खोटं म्हणत नाही, त्यातली जागा धरतो आणि इमारत स्वतः तपासतो. घरचे व्हीटी म्हणतात म्हणजे बहुतेक तो फोटो व्हीटीच्या आसपासचा असतोच, आणि आसपास म्हटलं की पालिका आणि जीपीओ दोन्ही आल्या.

तारीखही त्याच फोटोतून काढता आली. आभाळात आडव्या तारा होत्या, रस्त्याच्या बरोबर मध्यावरून जाणाऱ्या, ट्रामच्या. मुंबईत विजेची ट्राम 1907 ला सुरू झाली आणि 31 मार्च 1964 ला शेवटची धावली. जीपीओ पूर्ण 1913 मध्ये. म्हणजे तारा आणि पूर्ण घुमट दोन्ही एकत्र आहेत तर फोटो 1913 ते 1964 मधला. हे अंतर मोठं आहे हे मान्य, पण प्रिंटच्या कडा नागमोडी कातरलेल्या होत्या, तशा कडांची फॅशन विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतली, त्यामुळे अलीकडच्या टोकाकडे झुकता आलं. बाकी घरच्यांनी नोकरीच्या कागदांवरून ठरवलं.

आता एक फसवी गोष्ट, जिच्यामुळे चांगली माहितगार माणसंही चुकतात. घुमटाची उंची आणि रुंदी यांचं प्रमाण बघून ओळखायला जाऊ नका, निदान जवळून काढलेल्या फोटोत तरी नको. तुम्ही इमारतीच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर केला की घुमटाची मान, म्हणजे घुमट ज्या गोल भिंतीवर बसतो तो भाग, पुढच्या कठड्याच्या मागे लपते. मान लपली की घुमट बुटका दिसतो, अर्ध्या चेंडूसारखा, मग तो मुळात कितीही उंच मानेचा असो. पालिकेचा उंच मनोरासुद्धा अगदी खालून बघितला तर आखूड वाटतो. उलट लांबून, मैदानातून किंवा समुद्रातून काढलेल्या फोटोत प्रमाण खरं येतं, पण तिथे दुसरा घोळ, मागच्या-पुढच्या इमारती एकमेकींना चिकटतात. व्हीटीचा घुमट आणि पालिकेचा मनोरा प्रत्यक्षात रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत, पण लांबून ते एकाच इमारतीची दोन टोकं वाटतात. म्हणून जवळच्या फोटोत फासळ्या आणि मुळाची नक्षी बघा, लांबच्या फोटोत प्रमाण आणि कोण कुणाच्या डावीकडे आहे ते बघा.

लांबच्या फोटोचा एक फायदा म्हणजे त्यात काय नाही हेही सांगता येतं. व्हीटी पूर्ण आहे आणि समोर पालिकेचा मनोरा नाही, तर फोटो 1893 च्या आधीचा. बंदरातून काढलेल्या फोटोत ताज हॉटेल आहे पण पुढे गेटवे नाही, तर तो 1903 नंतरचा आणि गेटवे पूर्ण व्हायच्या, म्हणजे 1924 च्या आधीचा. गेटवेबद्दल अजून एक, पाचवा जॉर्ज मुंबईत उतरला 1911 मध्ये, पण आताचा दगडी गेटवे तेव्हा नव्हता, पायाभरणीच 1913 ची. राजाच्या भेटीचा फोटो म्हणून कुणी पूर्ण गेटवे दाखवत असेल तर तो त्या भेटीचा नाही. आणि गेटवे ओळखताना घुमट शोधू नका. त्याला मध्ये घुमट आहे, पण जमिनीवरून तो डोळ्यात भरत नाही. तिथे चार कोपऱ्यांचे मनोरे आणि दगडी जाळी, एवढंच बघायचं.

तुम्ही मनोऱ्याच्या टोकांचंही विचारलंय, ते तुलनेने सोपं. टोक सुळ्यासारखं वर निमुळतं गेलेलं असेल, घुमट नसेल, आणि वरच्या भागात कोनाड्यांत उभी माणसं कोरलेली दिसली तर तो विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. तिथे पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे 24 पुतळे आहेत. मनोऱ्यावर घड्याळ दिसलं म्हणून मात्र राजाबाई टॉवर म्हणू नका, क्रॉफर्ड मार्केटलाही घड्याळाचा मनोरा आहे आणि व्हीटीच्या दर्शनी भागातही मोठं घड्याळ आहे. घड्याळाने काहीच सिद्ध होत नाही. फाटकाचा खांब आला असेल तर व्हीटीची खूण पक्की आहे, एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसलाय, सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. एकटा सिंह मुंबईत बऱ्याच ठिकाणी सापडेल, पण फाटकावर बसलेला वाघ दिसला की दुसरीकडे शोधायला नको.

रंगावर मात्र अजिबात विसंबू नका. जुनी रंगीत पोस्टकार्डं म्हणजे बहुतेक वेळा कृष्णधवल फोटोवर मागाहून चढवलेले रंग, आणि रंग चढवणाऱ्याने मुंबई बघितलेली असेलच असं नाही. एकाच घुमटाला एका कार्डात पांढरा आणि दुसऱ्यात लाल रंग दिलेला मी बघितलाय. कार्डावर छापलेलं नावसुद्धा मी पुरावा म्हणून धरत नाही, इशारा म्हणून धरतो. चर्चगेटच्या इमारतीवर व्हीटीचं नाव अजूनही लोक बिनदिक्कत टाकतात. नव्या रात्रीच्या फोटोंचंही तेच, व्हीटीवर रंगीत दिवे सोडलेले असतात, त्यावरून दगडाचा रंग कळणं शक्य नाही.

आणि टोकाबद्दल एक सावधगिरी. टोक हीच सगळ्यात मोठी खूण, पण इमारतीत सगळ्यात आधी बदलतं तेही टोकच, वीज तिथेच पडते, वारा तिथेच लागतो. दिल्लीचा कुतुबमिनार घ्या. 1828 मध्ये रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दुरुस्ती करताना त्याच्यावर एक छत्री बसवली, ती कुणाला रुचली नाही आणि 1848 मध्ये उतरवून खाली हिरवळीवर ठेवली, अजून तिथेच आहे. त्यामुळे छत्रीवाला कुतुब दाखवणारं चित्र बघून हा दुसरा कुठला मिनार म्हणणं चूक, तो त्या वीस वर्षांतला कुतुबच. 2014 च्या वादळात हुमायूनच्या कबरीवरचा कळस पडला आणि नंतर नवा बसवला, म्हणजे मधल्या काळातल्या फोटोत टोक नाही. म्हणून टोक जुळलं तर उत्तम, पण टोक नाही म्हणून इमारत लगेच बाद करू नका, खाली फासळ्या आणि मुळाकडे या.

आता तुमच्या अल्बमचं. फोनने फोटोचा फोटो काढून मोठा करत बसू नका, त्यात फासळी आणि ओरखडा यातला फरक कळत नाही. ज्या फोटोत घुमट आहे तेवढेच अल्बममधून जपून काढा, चिकटलेले असतील तर ओढू नका, तसेच पानासकट स्कॅनरवर ठेवा, आणि 1200 डीपीआयला स्कॅन करा. छोट्या प्रिंटमधला घुमट कधी कधी एक सेंटिमीटरचाही नसतो, त्याला एवढं रिझोल्यूशन लागतंच. मागची बाजूही स्कॅन करा, पेन्सिलीतलं काही लिहिलेलं असेल तर ते तिरप्या उजेडात दिसतं. फोटो कापू नका, चौकट नीट दिसावी म्हणून कडा छाटल्या की तार, कठडा, शेजारचा छोटा घुमट असले पुरावेच जातात. मग प्रत्येक फोटोला याच क्रमाने बघा: टोक, सावलीची कड, घुमटाचं मूळ, दोन्ही बाजूंचं आभाळ, खालची भिंत, आणि हे झाल्यावरच तारा आणि वाहनं. व्हीटी, पालिका, जीपीओ आणि म्युझियम यांचे एकेक स्वच्छ, लांबून घेतलेले फोटो शेजारी उघडे ठेवा. एखादा फोटो जीपीओ आणि म्युझियम यांच्यामध्ये अडकला तर घुमटाच्या दोन्ही बाजूंचा भाग मोठा करून मला पाठवा, तिथे बारीक टोकं आहेत की नाहीत एवढं दिसलं तरी पुरे.